तोफेचा धक्का जातो कुठे?

1894 च्या सप्टेंबरात पॅरिसमधल्या जर्मन दूतावासाच्या कचऱ्यातून एक फाडलेलं पत्र फ्रेंच हेरखात्याच्या हाती आलं. कुणीतरी फ्रेंच अधिकारी जर्मनांना लष्करी कागद पुरवायला तयार होता, आणि काय काय देतो आहे याची यादी त्याने लिहिली होती. यादीतली पहिलीच बाब होती 120 मिलिमीटरच्या तोफेच्या ब्रेकची माहिती आणि ती तोफ चाचणीत कशी वागली याचा तपशील. या पत्राचा आळ तोफखान्यातल्याच कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस यांच्यावर आला. निरपराध ड्रेफस काळकोठडीत गेले आणि सारा फ्रान्स दोन तटांत विभागला गेला. ते प्रकरण आजही सांगितलं जातं. पण तोफेच्या ब्रेकसारख्या रुक्ष वाटणाऱ्या वस्तूची किंमत हेरांच्या बाजारात एवढी का होती, हे सहसा कुणी सांगत नाही.

त्याचं उत्तर त्या काळच्या तोफा डागल्या कशा जात, यात आहे. नळी गाड्यावर घट्ट बसवलेली असे. गोळा पुढे सुटला की तेवढाच रेटा मागे यायचा आणि अख्खी तोफ, चाकांसकट, मागे धावायची. मग तोफची चाकांना खांदे लावून ती पुन्हा जागेवर ढकलत, रोख पुन्हा पाहत, कोन पुन्हा लावत. बारूद कितीही चांगली असो, ब्रीच कितीही झटकन उघडो, मिनिटाला एक-दोन गोळ्यांच्या पलीकडे मजल जात नसे. वेळ खायचं ते हे ढकलणं आणि पुन्हा नेम धरणं. शिवाय तोफ मागे येत असताना आजूबाजूला उभं राहण्याची सोय नव्हती, म्हणून तोफचींना दर वेळी बाजूला व्हावं लागे आणि परत यावं लागे.

गाडा जमिनीत रोवून टाकला तर? फाळ लावून शेपटी मातीत घट्ट बसवली, तर तोफ मागे जाणार नाही, हे खरं; पण मग ती उडी मारते. धक्का नळीच्या रेषेत बसतो, आणि ती रेषा जमिनीपासून चांगली मीटरभर उंच असते. फाळ रुतलेला असला की त्या टेकूभोवती चाकं वर उचलली जातात आणि नेम पुन्हा जातोच. गाडा अधिक जड करावा तर घोड्यांना तो ओढवत नाही. घोड्यांच्या काळातल्या मैदानी तोफेचं हे खरं कोडं होतं.

कोड्याची उकल एका ओळीत सांगता येते: गाडा जागीच ठेवायचा आणि त्याच्यावर फक्त नळी मागे घसरू द्यायची, तीही भरपूर लांब. जर्मन अभियंता कोनराड हाउस्नर यांनी 1890 च्या सुमारास अशा लांब प्रत्याघाताच्या तोफेचा आराखडा मांडला होता, पण जर्मनीत तो तग धरू शकला नाही. फ्रेंचांना त्याची कुणकुण लागली. तोफखान्याचे संचालक जनरल मॅथ्यू यांनी पॅरिसजवळच्या प्युतो इथल्या शस्त्रशाळेचे प्रमुख देपोर यांच्यावर ही कामगिरी सोपवली. देपोर यांनी तोफ उभी केली, पण तिची यंत्रणा तेल गळत असे. ते सोडून गेल्यावर सेंत-क्लेअर देव्हिल आणि रिमायो या दोन अधिकाऱ्यांनी ती गळती आटोक्यात आणली. त्यातून निघाली 75 मिलिमीटरची, 1897 च्या नमुन्याची फ्रेंच तोफ. फ्रान्समध्ये तिला नुसतं ‘75’ म्हणतात. पुढच्या जवळजवळ सगळ्या मैदानी तोफांनी तिच्या वाटेनेच पाऊल टाकलं.

या तोफेच्या एकाच गोळीबारात काय काय घडतं, ते आकड्यांसह पाहण्यासारखं आहे. आकडे ढोबळ आहेत, पण गोष्ट त्यांतून स्पष्ट होते.

तोफेचा छर्ऱ्याचा गोळा सुमारे 7.24 किलोचा, आणि नळीतून सुटताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे 529 मीटर. मागे सरकणारी नळी सुमारे 460 किलोची. गोळ्याला जेवढा संवेग पुढे मिळतो, तेवढाच नळीला मागे मिळतो. त्यामुळे नळीचा मागे जाण्याचा वेग सेकंदाला आठ मीटरच्या आसपास येतो. गोळ्यामागून उसळणारा वायूही नळीला थोडा रेटा देतो, तो धरला तर नऊ. म्हणजे जवळजवळ अर्धा टन पोलाद ताशी 32 किलोमीटरच्या वेगाने मागे निघालेलं असतं, आणि ते थांबवायला दीड मीटरसुद्धा जागा नसते.

नळीच्या आत वायूचा कमाल दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे 2400 पट होतो. 75 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर तो दाब म्हणजे शंभर टनांहून जास्त रेटा. नळी गाड्याला घट्ट जोडलेली असती तर हा सगळा रेटा गाड्याने सोसायचा. पण तो टिकतो सेकंदाच्या जेमतेम शंभराव्या भागापुरता. या तोफेत नळीला मागे सरकायला सुमारे 1.2 मीटर मोकळीक दिली आहे. तेवढ्या अंतरात एकसारख्या जोराने तिला थांबवायचं, तर लागणारा जोर भरतो दीड टनाहून थोडा जास्त. शंभर टनांचे झाले दीड टन. रेटा कुठे नाहीसा झाला नाही. तो अधिक वेळात पसरला. शंभराव्या भागाचं काम आता पाव सेकंदाहून थोडं अधिक काळ चालतं.

हा दीड टन तोफेला उचलू शकतो का, तेही तपासता येतं. नळीची रेषा जमिनीपासून साधारण मीटरभर उंच आहे, म्हणजे फाळाभोवती तोफ उलथवण्याचा प्रयत्न 1.6 टन गुणिले एक मीटर एवढा. तोफेचं वजन सुमारे 1.14 टन, आणि तिचा गुरुत्वमध्य फाळापासून साधारण दोन मीटर पुढे. म्हणजे तिला जमिनीवर दाबून धरणारा प्रयत्न सुमारे 2.3. तोफ बसून राहते.

पण इथे एक बारकावा आहे, आणि उत्तम रचना व साधारण रचना यांतला फरक बहुधा इथेच दिसतो. नळी मागे जाते तेव्हा तिच्याबरोबर 460 किलो वजनही मागे, फाळाच्या दिशेने सरकतं. 1.2 मीटर मागे गेल्यावर दाबून धरणारा प्रयत्न 2.3 वरून सुमारे 1.7 वर येतो. आता 1.6 आणि 1.7 मध्ये काय उरलं? म्हणून ब्रेकचा जोर सुरुवातीला थोडा जास्त आणि शेवटाकडे उतरता ठेवतात. सुरुवातीला नळी पुढे असते, तोफेचा तोल भक्कम असतो, तेव्हाच जास्तीत जास्त वेग खाऊन टाकायचा.

असा मनाजोगता जोर देणारा ब्रेक म्हणजे तेलाने भरलेला सिलिंडर. ‘75’च्या नळीखालच्या पाळण्यात एकावर एक असे दोन सिलिंडर आहेत. वरच्यात तेल आणि एक दट्ट्या. दट्ट्याचा दांडा नळीच्या मागच्या टोकाला जोडलेला. नळी मागे गेली की दट्ट्या ओढला जातो आणि तेलाला अरुंद छिद्रातून खालच्या सिलिंडरात पळावं लागतं. तेल दाबून लहान होत नाही. वाट अरुंद असेल तर ते अडतं आणि तापतं. नळीची बहुतेक सगळी गतिऊर्जा तिथे उष्णता होऊन जाते.

छिद्र एकाच मापाचं ठेवून मात्र चालत नाही. तेलाचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वेग निम्मा झाला की विरोध पाव होतो. म्हणजे ठरावीक छिद्राचा ब्रेक सुरुवातीला प्रचंड धरील आणि शेवटी जवळपास सोडून देईल. विरोध कायम ठेवायचा तर वेग निम्मा होताच छिद्रही निम्मं व्हायला हवं. त्यासाठी छिद्रातून जाणारा एक निमुळता दांडा बसवतात. नळी मागे सरकते तसा दांड्याचा अधिकाधिक जाड भाग छिद्रात येतो आणि वाट आपोआप अरुंद होत जाते. काही तोफांत हेच काम सिलिंडरच्या भिंतीत कोरलेल्या, पुढे पुढे उथळ होत जाणाऱ्या खाचा करतात. निमुळतेपणाचा आकार म्हणजे त्या तोफेच्या ब्रेकचं गणित पोलादात कोरलेलं असतं. तो आकार चुकला तर दुरुस्तीचा उपाय नाही. दांडाच बदलावा लागतो.

नळी थांबली. आता ती पुढे कोण आणणार? खालच्या सिलिंडरात आलेलं तेल एका मोकळ्या, तरंगत्या दट्ट्याला ढकलतं. त्या दट्ट्याच्या पलीकडे आधीच खूप दाबाखाली कोंडलेली हवा आहे. सायकलचा पंप तोंड दाबून धरून आत ढकलला तर तो जसा उलटा उसळी मारतो, तशी ही हवा आणखी दाबली जाते आणि नळी थांबताच तेलाला परत वर लोटते. तेल वरच्या दट्ट्याला, दट्ट्या नळीला. परतीच्या वेळी झडप मोठी वाट बंद करते आणि तेलाला लहान वाटेने जावं लागतं, त्यामुळे नळी सावकाश पुढे येते. शेवटच्या काही सेंटिमीटरांत तिला आणखी एक आवर घातलेला असतो, नाहीतर ती पुढे आदळून तोफ नाकावर झुकेल. सगळा फेरा दोन सेकंदांच्या आत पुरा होतो.

गोळा नेम सोडून जात नाही का, अशी शंका येते. गोळा नळीबाहेर पडतो तोवर नळी फक्त तीन-चार सेंटिमीटर मागे गेलेली असते, आणि तीही आपल्याच रेषेत. मोठा प्रवास गोळा गेल्यानंतर होतो. पहिल्या गोळीला फाळ मातीत रुततो, चाकं खालच्या आधारांवर बसतात, आणि दुसऱ्या गोळीपासून तोफ हलत नाही. दुर्बिणीतून नेम पाहणारा तोफची आपल्या आसनावरून उठतसुद्धा नाही. बाजूचा ब्रीच उघडतो, तिसरा नवा गोळा सारतो. मिनिटाला पंधरा गोळ्या हा या तोफेचा सहज वेग, आणि मुरलेल्या तुकड्या काही काळ त्याच्या दुप्पटही काढत. जर्मनांनी 1896 साली स्वीकारलेली 77 मिलिमीटरची नवी तोफ जुन्याच घट्ट गाड्याची होती. ‘75’ समोर येताच ती एका फटक्यात जुनी ठरली आणि तिला लांब प्रत्याघाताचा नवा गाडा द्यावा लागला.

कल्पना एवढी सोपी असेल तर ती इतकी जपण्यासारखी काय होती? अवघड भाग कल्पनेत नव्हता. तो त्या तरंगत्या दट्ट्याच्या कडेवर होता. एका बाजूला जबरदस्त दाबाचं तेल, दुसऱ्या बाजूला जबरदस्त दाबाची हवा, आणि मधून धावणारा दट्ट्या. त्याने अडकायचं नाही आणि गळायचंही नाही. वर्षानुवर्षं, धुळीत, थंडीत, घोड्यांच्या मागे हिसके खात. सिलिंडर आतून आरशासारखा गुळगुळीत घासावा लागे, दट्ट्याची माळसूत्र माप मिलिमीटरच्या शतांशांत जमवावं लागे. 1917 साली अमेरिका युद्धात उतरली तेव्हा तिने ही तोफ स्वतः बनवायचं ठरवलं. हे सिलिंडर बनवण्याचं काम घेणाऱ्यांत शिलाई यंत्रांसाठी प्रसिद्ध असलेली सिंगर कंपनी होती. बारीक मापाच्या कामात ती निष्णात. तरीही काम रुळावर येईपर्यंत युद्ध संपत आलं. अमेरिकी सैन्य फ्रान्सच्या रणांगणावर मुख्यतः फ्रेंचांनी दिलेल्या ‘75’ तोफांनीच लढलं.

हवेऐवजी पोलादी स्प्रिंग वापरणं हा सोपा मार्ग होता, आणि ब्रिटिशांनी त्यांच्या 18 पौंडी तोफेत तोच धरला. स्प्रिंगला गळती नाही, वायू भरायला नको. पण पहिल्या महायुद्धात दिवसाला शेकडो गोळ्या सुटू लागल्या तेव्हा स्प्रिंगा थकून तुटू लागल्या. स्प्रिंग तुटली की नळी मागे गेलेली परत पूर्ण पुढे येत नाही, आणि हातांनी ढकलत बसावं लागतं. शेवटी ब्रिटिशांनीही तिथे तेल-वायूची यंत्रणा बसवली. वायू थकत नाही, हा त्याचा सर्वात मोठा गुण.

वायूचे स्वतःचे रोग मात्र आहेत, आणि ते ओळखायला तोफचीला शिकावं लागतं. आज हवेऐवजी नायट्रोजन भरतात. हवेत प्राणवायू असतो. तेलाची वाफ आणि दाबली गेलेली गरम हवा एकत्र आली तर डिझेल इंजिनात जे घडतं तेच सिलिंडरात घडू शकतं. नायट्रोजन जळूही देत नाही आणि गंजूही देत नाही.

नायट्रोजन कमी झाला की पहिली खूण परतीत दिसते. नळी आळसावल्यासारखी पुढे येते, आणि अखेरचे काही सेंटिमीटर राहून जातात. कोन वाढवला की हे अधिक उघड होतं, कारण तेव्हा नळीला उतारावरून वर चढावं लागतं. वायूच्या दाबाने तिचं वजन पेलायला हवं, नाहीतर गोळी न सुटताही नळी मागे घसरू पाहते. तेल कमी झालं की खूण वेगळी: नळी नेहमीपेक्षा लांब मागे जाते आणि शेवटी पोलादावर पोलाद आपटतं. उलट तेल जास्त झालं, किंवा सलग गोळीबाराने तापून फुगलं, तरी नळी पूर्ण पुढे बसत नाही. तेव्हा थोडं तेल काढून टाकावं लागतं. म्हणून तेलाचा साठा किती आहे हे दाखवणारा एक छोटा खुंट बाहेर ठेवलेला असतो, आणि प्रत्याघाताची लांबी दाखवणारी पट्टी पाळण्याच्या कडेला. नळी मागे जाताना तिच्यावरचा काटा सरकवत नेते आणि तिथेच सोडून येते. दर गोळीनंतर काटा कुठे थांबला, हे कुणीतरी वाचायचं असतं. आवाजावरून किंवा डोळ्यांनी अंदाज बांधण्यात अर्थ नाही; पाव सेकंदात डोळा काही पकडत नाही.

मोठ्या तोफेत हे सगळे प्रश्न वाढतात. 1999 साली कारगिलच्या लढाईत द्रास परिसरात डागलेल्या बोफोर्सचा गोळा सुमारे 43 किलोचा होता आणि सुटताना त्याचा वेग सेकंदाला आठशे मीटरच्या घरात जाऊ शकत होता. ‘75’च्या तुलनेत हा संवेग जवळजवळ नऊपट. नळीच्या तोंडावर बसवलेला झोतरोधक, म्हणजे मझल ब्रेक, वायूचा काही भाग बाजूला व मागे वळवून धक्क्याचा वाटा आधीच कमी करतो. उरलेला तेल आणि नायट्रोजन सोसतात. तिथे आणखी एक अडचण होती, जी ‘75’ला जवळपास नव्हतीच, कारण तिची नळी फार वर उचलता येत नसे. डोंगरावरच्या लक्ष्यासाठी नळी उभी करावी लागते, आणि उभी नळी मागे येते म्हणजे खाली, जमिनीकडे येते. सपाट गोळीबारात नळी लांब मागे जाऊ द्यावी, कारण तेव्हा तोफ उलथायची भीती जास्त. उभ्या कोनात ती लवकर थांबवावी, कारण तेव्हा तोफ उलथत नाही पण ब्रीच मातीत घुसू शकतं. उंच कोनाच्या अनेक हॉवित्झर तोफांत त्यामुळे कोनाप्रमाणे तेलाची वाट आपोआप बदलणारी जोडणी असते.

थंडीचा हिशेब आणखी वेगळा. सपाटीवर 35 अंशांच्या दुपारी भरलेला वायू उणे 20 अंशांत गेला, तर त्याचा दाब सुमारे अठरा टक्क्यांनी उतरतो, आणि यात कुठलीही गळती नसते. तापमान पाहून ठरलेल्या तक्त्याप्रमाणे दाब तपासल्याशिवाय नुसत्या दाबमापकावरून गळती झाली की थंडी पडली, हे कळत नाही. उलट थंडीत भरून उन्हात आणलेला वायू फुगतो आणि नळीचा धाव आखूड करतो.

भारतीय तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र नाशिकजवळ देवळालीला आहे, आणि 155 मिलिमीटरची एटीएजीएस ही नवी तोफ पुण्याच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली. मार्च 2025 मध्ये अशा 307 तोफांच्या खरेदीचे करार भारत फोर्ज आणि टाटा समूहातल्या कंपनीशी झाले. तिची नळी 52 कॅलिबर, म्हणजे आठ मीटरांहून लांब आहे. गोळा जास्त वेगाने जातो, धक्का जास्त येतो. पण ‘75’च्या पाळण्यात जे घडत होतं तेच इथेही घडतं: अरुंद वाटेतून पळणारं तेल तापतं, दाबला गेलेला वायू उसळतो, आणि आठ मीटरांची नळी पुन्हा आपल्या जागी येऊन बसते.